मोडेमची वायर शेवटी

"नवा राउटर लावताना आधी मोडेमची वायर जोडा, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. तुम्ही मात्र ती शेवटी जोडा म्हणता. असं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रसंग मी टाळतोच.

पुस्तिका खोटं सांगत नाही. मोडेम जोडलेला असला तर पुष्कळ राउटर कनेक्शनचा प्रकार आपणहून ओळखतात आणि सेटअप झटपट उरकतो. पण पुस्तिकेतला मोडेम नुसता मोडेम असतो. कंपनीने बसवून दिलेल्या डब्याच्या पोटात बहुतेकदा एक राउटरही असतो. तोही आयपी पत्ते वाटतो, आणि त्याचा स्वतःचा पत्ता अनेकदा 192.168.1.1 असतो. नव्या राउटरचाही तोच निघाला, तर एकाच पत्त्यावर दोन घरं होतात.

त्या संध्याकाळी मी मोडेममधून आलेली वायर नव्या राउटरच्या WAN ऐवजी LAN पोर्टमध्ये खोचली. WAN मधून बाहेरचं इंटरनेट आत येतं, LAN घरातल्या उपकरणांसाठी असतो. पाचही पोर्ट दिसायला सारखेच. एकाचा रंग वेगळा होता, पण मला ती सजावट वाटली. दिवे लागले. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं, लॉगिनचं पान आलं. राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला: चूक. पुन्हा टाकला: चूक. मग राउटरचं रीसेटचं बटण पिनेने दाबून धरलं. तरीही चूक. असं तीनदा. पासवर्ड छापतानाच चुकला असणार, अशी माझी पक्की खात्री झाली.

आता तुम्ही म्हणाल, पानाच्या कोपऱ्यात मॉडेलचं नाव असतं, ते वाचलं नाहीत का? नाही वाचलं. ते पान मोडेमचं होतं. दुसऱ्याच्या दारात उभा राहून मी माझी किल्ली फिरवत होतो.

इथवर नुकसान काहीच नव्हतं. पण मग मला वाटलं, मोडेमच काहीतरी अडवतोय, आणि तीच पिन मी मोडेममध्ये घातली. दहा सेकंद. त्यात भरलेलं PPPoE चं, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड पुसले गेले. ते माझ्याकडे कुठेही लिहिलेले नव्हते. इंटरनेटचा दिवा विझला तो दोन दिवस विझलेलाच. दुरुस्तीला आलेल्या माणसाने विचारलं, "रीसेट कोणी केलं?" मी म्हणालो, "वीज गेली होती." वीज गेल्याने ही माहिती पुसली जात नाही, हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही.

म्हणून माझा क्रम असा. मोडेम बाजूला ठेवायचा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो वायरने नव्या राउटरच्या LAN पोर्टला जोडायचा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्यायची:

```
ipconfig
```

त्यात `Default Gateway` समोर दिसेल तो पत्ता, पुढे `http://` लावून, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचा. आता उत्तर द्यायला एकच डबा आहे, त्यामुळे येणारं पान त्याचंच. ॲडमिनचा पासवर्ड आणि वाय-फायचं नाव ठरवून झालं की LAN च्या पानावर राउटरचा पत्ता बदलून 192.168.50.1 करायचा. सेव्ह केल्यावर पान फिरत राहतं आणि लोक घाबरून मला फोन करतात. ते जुन्या पत्त्यावर थांबलेलं असतं. लॅपटॉपची वायर काढून परत लावा आणि नवा पत्ता टाका.

मगच मोडेमची वायर WAN मध्ये. PPPoE मोडेमच जोडत असेल, तर राउटरमध्ये कनेक्शनचा प्रकार `Dynamic IP` ठेवायचा. स्टेटसच्या पानावर WAN चा पत्ता 192.168.1 ने सुरू झाला, तर मोडेमने त्याला आत घेतलं. 0.0.0.0 च राहिला, तर मोडेम दोनेक मिनिटं बंद ठेवून चालू करा. काही मोडेम आधी जोडलेल्या उपकरणाचीच ओळख धरून बसतात.

एका मित्राचं म्हणणं, हा सगळा खटाटोप जुना झाला. वायर WAN मध्येच लावली तर आताचे बरेच राउटर टक्कर ओळखून आपला पत्ता स्वतःच बदलतात. खरं आहे. मग नियम वायर नीट पोर्टमध्ये लावण्याचा हवा होता, शेवटी लावण्याचा नव्हे, असंही तो म्हणतो. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. शिवाय माझ्या पद्धतीनेही एकामागे एक दोन राउटर उरतातच, आणि बाहेरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायचं असेल तर ते नडतं. त्यावर मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकणं, म्हणजे त्याच्या पोटातला राउटर बंद करून त्याला नुसता मोडेम ठेवणं, हा उपाय आहे, पण मग PPPoE ची माहिती राउटरमध्ये भरावी लागते.

ती आता माझ्याकडे आहे. मोडेमच्या पोटाखाली चिकटपट्टीने लावून ठेवली आहे. ब्रिज मोड मात्र अजून केलेला नाही.