हळद रोज, अक्षदा कवा?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या फोटो प्रदर्शनाचं काम वाटून घेताना समितीने मला विचारलं, "तू भाषांतर करतोस ना? मग फोटोंखालच्या ओळी इंग्रजीत करून दे. परदेशातली नातवंडं येणार आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही." मी लगेच हो म्हणालो. पोटापाण्यासाठी मी पंप आणि मोटारींच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणतो. उलट्या दिशेने चाळीस-बेचाळीस छोट्या ओळी करायच्या म्हणजे दोन संध्याकाळचं काम, असं वाटलं. बहुतेक ओळी झाल्याही तेवढ्या वेळात. 'वार्षिक क्रीडा स्पर्धा, लंगडी' वगैरेत काय अडायचं? (लंगडीत थोडं अडलो, पण ते राहू दे.) एका फोटोने मात्र तीन आठवडे घेतले.

आमच्या बॅचला तो फोटो आठवेल. आठवीत असताना मराठीचे सर आम्हाला मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला घेऊन गेले होते. क्षेत्रभेट नावाला भूगोलाची, पण भूगोलाचे सर रजेवर होते. पोत्यांच्या थप्प्या, हवेत तरंगणारी पिवळी धूळ, शिंका, आणि त्यातून पाठीवर पोतं घेऊन निघालेला पंचविशीचा एक हमाल. पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत पिवळा. आमच्यातल्या एकाने विचारलं, "हे अंघोळ केल्यावर जातं का हो?" त्याने पोतं थप्पीवर टाकलं, खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं (ते आणखी पिवळं झालं) आणि म्हणाला, "जातंय कुठलं! हळद रोज लागतीया, अक्षदा कवा पडायच्या कुणास ठावं!"

आजूबाजूचे हमाल हसले, तोलणारे हसले, आडतीच्या गादीवर बसलेले काका हसले आणि मग सगळ्यात शेवटी आम्ही. सरांनी फोटो काढला. पुढच्या आठवड्यात भित्तिपत्रकात तो लागला आणि खाली सरांच्या वळणदार अक्षरात एवढंच होतं: 'हळद रोज लागतीया, अक्षदा कवा?' सरांनी ओळ छाटली, पण त्याची बोली तशीच ठेवली. शुद्धलेखनासाठी आमचे कान उपटणाऱ्या माणसाने 'कवा'चं 'केव्हा' केलं नाही, याचं आम्हाला तेव्हा भारी नवल वाटलं होतं.

आता हे इंग्रजीत कसं न्यायचं? पहिला प्रयत्न शब्दाला शब्द ठेवून केला: 'टर्मरिक इज अप्लाइड डेली. व्हेन विल द राइस फॉल?' इंग्लंडमध्ये वाढलेल्या माझ्या भाचीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, त्याला काही त्वचारोग आहे का?" तिचं काय चुकलं? तिच्यासाठी हळद म्हणजे औषध, नाहीतर दुधात घालून कॅफेत मिळणारं महागडं पेय. शिवाय फोटो कृष्णधवल. त्यात हळद पिवळी दिसत नाही, पिठासारखी पांढरी दिसते. आपण ओळ वाचतो आणि मनानेच फोटो पिवळा करतो. तिला तो पिठाच्या गिरणीतला माणूस वाटत होता.

मग लक्षात आलं की या पाच शब्दांत तीन गोष्टी एकावर एक बसल्या आहेत. पहिली 'लागणे' या क्रियापदाची. धूळ लागते तशी हळद लागते, आणि 'पोरीला हळद लागली' म्हटलं की लग्न उभं राहिलं असंही कळतं. दुसरी रीतीची: आपल्याकडे आधी हळद, मग अक्षता. हळद लागली की अक्षता पडणारच, मध्ये फार तर एक रात्र. याची हळद वर्षानुवर्षं लागतेच आहे आणि पुढचं काही घडतच नाही. विनोद सगळा या लांबलेल्या वाटेत आहे. आणि तिसरी बोलीची, म्हणजे हे कोण बोलतंय त्याची.

दुसरा प्रयत्न खुलाशाचा. 'महाराष्ट्रात लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना हळद लावतात, आणि मंगलाष्टकांच्या वेळी त्यांच्यावर तांदूळ टाकतात, म्हणून हा अविवाहित हमाल गमतीने म्हणतो की...' इंग्रजीत हे चार ओळी झालं. माहिती अगदी बरोबर, पण वाचून कुणी हसत नाही, मान डोलावतात. प्रदर्शनातल्या एका फोटोपुढे माणूस किती वेळ थांबतो? ओळ डोळ्याच्या एका फेरीत संपली नाही, तर तो पुढच्या फोटोकडे वळतो.

तिसरा प्रयत्न मला स्वतःला फार आवडला होता, म्हणून तो टाकताना जास्त त्रास झाला. इंग्रजीत एक जुनं रुळलेलं वाक्य आहे: 'ऑल्वेज द ब्राइड्समेड, नेव्हर द ब्राइड'. कायम करवली, नवरी कधीच नाही. दुःखही तेच, थट्टाही तीच. त्यावर बेतून मी लिहिलं: 'ऑल्वेज द टर्मरिक, नेव्हर द ग्रूम.' आपल्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईंना पाठवलं. बाई आता सत्तरीपुढच्या आहेत, पण लाल शाई शाबूत. त्यांनी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

मी म्हटलं, हमाल.

"नाही. हे त्याच्याकडे बोट दाखवून दुसरं कुणीतरी बोलतंय. यार्डात तो स्वतःवर हसला, म्हणून सगळे हसले. तुझ्या ओळीत तुम्ही त्याला हसताय. शिवाय तो एकदम चर्चच्या दारात जाऊन उभा राहिला."

एवढ्यावरून ओळ प्रथमपुरुषीच हवी हे ठरलं. त्याचं वाक्य त्याच्याच तोंडी, अवतरणचिन्हांत.

मग बोलीचा उत्साह आला. 'लागतीया' आणि 'कवा' गावरान आहेत, म्हणून इंग्रजीही गावरान करून पाहिली: 'आय एन्ट' वगैरे. वाचलं तर आपला सांगलीचा गडी डोक्यावर मोठी टोपी घालून घोड्यावरून येताना दिसायला लागला. बोलीला दुसऱ्या भाषेतली बोली जोडली की माणसाचा गावच बदलतो. लंडनच्या गल्लीतली असो की अमेरिकेच्या शेतातली, ती इंग्रजी तिथल्या मातीची असते. तो नाद सोडला. बोली जाणारच होती. राखता आलं असतं ते फक्त बोलल्यासारखं वाटणं: छोटी वाक्यं, सोपे शब्द, पुस्तकी काही नाही.

तेव्हा असं झालं: 'आय गेट द टर्मरिक एव्हरी डे. व्हेन डू आय गेट द राइस?' 'गेट' शब्दावर मी खूश होतो, कारण त्यात 'लागणे'चा थोडा अंश उतरत होता, आणि दोन्ही वाक्यं तोलात बसली होती. शेवटचा शब्द 'राइस', म्हणजे टोलाही शेवटालाच. भाचीला पुन्हा फोन. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "बिचारा. त्याला जेवायला मिळत नाही का?"

हा घाव वर्मी बसला. फाटक्या बनियनमधला एक हमाल इंग्रजीत विचारतोय, मला तांदूळ कधी मिळणार! परक्या वाचकाला त्यात भूकच दिसणार. व्याकरण बिनचूक, शब्द बिनचूक, आणि यार्डात सगळ्यांना हसवणारा माणूस भिकेला लागलेला. तेव्हापासून मी एक करतो. ओळ वाचून दाखवल्यावर 'आवडली का' असं विचारत नाही. 'हा माणूस काय म्हणाला ते तुझ्या शब्दांत सांग' असं म्हणतो. आवडली म्हणायला सगळे तयार असतात, पण उलट सांगायला लागले की भाषांतर कुठे गळतंय ते दिसतं.

दुरुस्ती एका क्रियापदाची निघाली. तांदूळ 'मिळत' नाहीत, 'टाकतात'. इंग्रजीत 'थ्रो द राइस' म्हटलं की लग्नच डोळ्यापुढे येतं, कारण नवविवाहितांवर तांदूळ उधळायची पद्धत त्यांच्याकडेही आहे. म्हणजे अक्षतांचा पूल आधीपासून बांधलेला होता, मी उगाच नावेतून जात होतो. अडचण उरली फक्त हळदीची, कारण ती त्यांच्या लग्नात नाही.

तिच्यासाठी जागा सापडली ती वरच्या कोरड्या ओळीत. प्रत्येक फोटोला आम्ही बारीक अक्षरात ठिकाण देत होतो. 'मार्केट यार्ड, सांगली' एवढंच असायचं. ती ओळ कुणी हसायला म्हणून वाचत नाही, त्यामुळे तिथे माहिती दिली तर विनोदाला धक्का लागत नाही. तिथे पाच-सहा शब्द वाढवले: 'टर्मरिक मार्केट, सांगली, व्हेअर अ वेडिंग बिगिन्स विथ टर्मरिक.' लग्नाची सुरुवात हळदीने होते, बस. अक्षतांबद्दल अवाक्षर नाही. आणि खाली मोठ्या अक्षरात त्याचं बोलणं: 'टर्मरिक आय गेट एव्हरी डे. व्हेन डू दे थ्रो द राइस?'

'आय गेट टर्मरिक' न म्हणता 'टर्मरिक' पुढे आणला, कारण मराठीतही वाक्य हळदीनेच उघडतं, आणि पांढरी दिसणारी धूळ कसली ते पहिल्याच शब्दात कळतं. बाईंना विचारलं, असं चालतं का? त्या म्हणाल्या, "निबंधात मी गुण कापले असते. बोलताना माणसं असंच बोलतात."

भाचीला तिसरा फोन. दोन सेकंद शांतता आणि मग फिस्सकन हसू. "म्हणजे त्याचं अजून लग्नच होत नाहीये!" तिने स्वतः सांगितलं, मी काही न सांगता. मराठीत हसू लगेच येतं, इंग्रजीत दोन सेकंद उशिरा येतं. 'कवा' गेला तो गेलाच, 'लागतीया'मधला चिकटपणाही अर्धाच उरला. प्रदर्शनात बघाल तेव्हा मराठी ओळ वरच आहे, सरांच्याच अक्षरातली, मूळ कागदासकट.

जाता जाता एक कबुली. पुराच्या भिंतीवर २०१९ चा एक फोटो आहे: आपलं पटांगण, त्यात कमरेइतकं पाणी, आणि पाण्यात उभा झेंड्याचा खांब. खाली कुणा माजी विद्यार्थ्याने लिहिलंय, 'कृष्णामाईनं शाळेला पाण्यात पाहिलं.' मी 'द रिव्हर हॅड इट इन फॉर अस' इथपर्यंत पोचलो. त्यात नदीचा राग आला, पण पाणी बाहेरच राहिलं. बाईंनाही काही सुचलं नाही. त्या फोटोखाली इंग्रजीत फक्त महिना आणि वर्ष आहे. खालची जागा कोरी ठेवली आहे, आणि पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.