दुमजली घरातला मल्टिकास्ट व्हिडिओ : क्वेरिअर नेमल्यानंतरची स्थिती

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरात तळमजल्यावर यंत्रमाग आहेत आणि वर आम्ही राहतो. कारखान्यातल्या कॅमेऱ्याचे चित्र आणि सेट-टॉप बॉक्सचे चित्र अशा दोन वाहिन्या दोन एन्कोडर 239.10.0.1 आणि 239.10.0.2 या मल्टिकास्ट गटांवर, म्हणजे एक प्रवाह अनेक श्रोत्यांना घेता यावा यासाठीच्या सामाईक पत्त्यांवर, प्रत्येकी सुमारे 12 एमबीपीएस वेगाने पाठवतात. मधला मॅनेज्ड स्विच आठ पोर्टचा असून त्याच्या आठव्या पोर्टवर वायफायसह राउटर आहे. स्विचचे आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे उपकरणांचे संदेश ऐकून ज्या पोर्टवर जो गट मागितला आहे तोच तिथे पाठवणे, बंद असताना हे 24 एमबीपीएस प्रत्येक पोर्टवर जात होते. तारेला ते जड नव्हते. वायफाय मात्र पार कोलमडत असे, कारण ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट बहुधा सर्वांत कमी मूळ दराने हवेत सोडतो आणि 2.4 गिगाहर्ट्झवर हा दर 1 किंवा 6 एमबीपीएस असला, तर त्यात एक वाहिनीसुद्धा मावत नाही.

म्हणून स्नूपिंग सुरू केले आणि कोणी न मागितलेला गट टाकून द्यावा, अशी सेटिंग ठेवली. वायफाय लगेच मोकळे झाले, परंतु टीव्हीवरचे चित्र चार मिनिटांहून थोडे अधिक चालून गोठू लागले. वाहिनी बदलून परत आले की ते पुन्हा तेवढाच वेळ चाले. हे लक्षण नेमके क्वेरिअर, म्हणजे कोणाला कोणता गट हवा हे ठरावीक वेळाने विचारणारे उपकरण, नसल्याचे आहे. टीव्ही गटात सामील होताना आपणहून एकदोन रिपोर्ट पाठवतो आणि नंतर कोणी विचारल्याशिवाय बोलत नाही. स्विच मात्र प्रत्येक नोंद मुदतीपुरतीच ठेवतो. प्रमाणित मूल्ये धरली तर 125 सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि उत्तरासाठी 10 सेकंद, म्हणजे एकूण 260 सेकंद. मुदत संपली की नोंद पुसली जाते. अनोळखी गट सर्वत्र पाठवण्याची सेटिंग असती, तर चित्र चालू राहिले असते आणि पूर मुकाट्याने परतला असता. म्हणून जुळवणीच्या काळात टाकून देण्याची सेटिंगच मला बरी वाटते, निदान दोष दिसतो तरी.

स्विचला 192.168.1.2 हा पत्ता देऊन त्यावरच क्वेरिअर सुरू केला. स्विचला पत्ता नसेल, तर काही उपकरणे क्वेरी 0.0.0.0 या पत्त्यावरून पाठवतात आणि काही टीव्ही अशा क्वेरीला उत्तर देत नाहीत. कोणत्याही पोर्टवरील संगणकावरून तपासणी करता येते :

```
tcpdump -ni eth0 igmp
```

दर 125 सेकंदांनी `192.168.1.2 > 224.0.0.1: igmp query v2` अशी ओळ दिसू लागली. टीव्हींचे रिपोर्ट या संगणकावर दिसत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण स्नूपिंग करणारा स्विच रिपोर्ट फक्त क्वेरिअरच्या दिशेने पुढे पाठवतो.

एवढ्यावर काम संपले असते. परंतु सेवा पुरवणाऱ्याने राउटर बदलून दिला आणि वायफाय पुन्हा अडखळू लागले, चित्र मात्र सुरळीत होते. `tcpdump` मध्ये आता क्वेरी 192.168.1.1 कडून येत होती. नव्या राउटरवर आयजीएमपी प्रॉक्सी, म्हणजे घरातल्या गटांच्या मागण्या विचारून बाहेरच्या जाळ्याकडे पोचवणारी सोय, आधीच सुरू होती आणि क्वेरिअरच्या निवडीत सर्वांत लहान आयपी पत्ता जिंकतो, म्हणून आमच्या स्विचने आपली गादी त्याला सोडली. खरी मेख पुढे आहे. ज्या पोर्टवरून क्वेरी येते तो स्विचच्या लेखी राउटर पोर्ट ठरतो, आणि पलीकडेही कोणी श्रोता असू शकतो या समजुतीने त्या पोर्टवर सर्व गटांचा प्रवाह पाठवला जातो. स्विचच्या पानावर राउटर पोर्टच्या रकान्यात 8 हा आकडा होता आणि त्या पोर्टचा बाहेर जाणारा वेग 24 एमबीपीएसच्या आसपास स्थिर होता. म्हणजे स्नूपिंग नियमाप्रमाणे चालू असूनही क्वेरिअर चुकीच्या टोकाला बसला, की पूर त्याच टोकाकडे वळतो.

आम्हाला बाहेरून मल्टिकास्ट घ्यायचे नसल्याने राउटरवरील प्रॉक्सी बंद केली. स्विचने त्यानंतर लगेच सूत्रे घेतली नाहीत. दुसरा क्वेरिअर गेल्याची खात्री होण्यासाठी प्रमाणाप्रमाणे 255 सेकंद वाट पाहावी लागते, तेवढ्यानंतर 192.168.1.2 ची क्वेरी आली आणि आठव्या पोर्टचा वेग खाली उतरला. ज्यांना राउटरवरचा पर्याय बंद करता येत नाही, त्यांनी व्हिडिओसाठी वेगळे व्हीलॅन करून राउटर त्याबाहेर ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

सध्या वाहिनी बदलताना क्षणभर दोन्ही प्रवाह टीव्हीच्या पोर्टवर येतात. फास्ट लीव्ह, म्हणजे गट सोडल्याचा संदेश येताच आणखी न विचारता त्या पोर्टची नोंद पुसणे, सुरू केले की ते थांबते, पण ते मी फक्त वरच्या मजल्यावरील टीव्हीच्या पोर्टवर लावले आहे. खालच्या पोर्टवर साध्या छोट्या स्विचमागे दोन टीव्ही आहेत. तिथे ते लावले, तर एकाने गट सोडताच दुसऱ्याचे चित्रही पुढच्या क्वेरीपर्यंत तुटेल.