उन्हाळ्यासाठी हेल्मेट निवडलं, ते लायनर काढून पाहिल्यावर

दुकानात हेल्मेट हातात घेतल्यावर मी आधी आतलं कापडी लायनर काढलं. बाहेरच्या झडपा कितीही मोठ्या दिसल्या तरी वारा डोक्यापर्यंत पोचतो की नाही, हे आतला थर्माकोलच सांगतो. पहिल्या हेल्मेटला पुढे चार झडपा होत्या. सगळ्या उघडून ते दिव्यासमोर धरलं, तर उजेड एकाच भोकातून आत आला. बाकीची भोकं थर्माकोलला टेकून संपत होती. दुसऱ्याला दोनच झडपा होत्या, पण कपाळापासून मागपर्यंत बोटभर रुंद चर होते आणि मागे हवा बाहेर पडायला दोन भोकं. मी तेच घेतलं. मागून वाट नसेल तर पुढून हवा शिरत नाही. अर्थात हे सगळं गाडी चालती असतानाच. सिग्नलला उभं राहिलं की चांगल्यातलं चांगलं हेल्मेटही तापतं.

हवा लागावी म्हणून सैल माप घेऊ नये. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. मी पंधरा मिनिटं घालून थांबलो. कपाळावर एकाच जागी टोचलं असतं, तर ते हेल्मेट माझ्या डोक्याच्या आकाराचं नव्हतं असं समजलो असतो.

लायनर पूर्ण निघणारं हवंच, कारण घामाचं मीठ आणि तेल साचून त्यातली जाळी बुजते आणि चरांचा उपयोग उरत नाही. रोज गाडी चालवत असल्याने मी ते दोन आठवड्यांनी धुतो. बटणाला अगदी लागून धरून काढतो, कापड ओढलं तर प्लास्टिकची खाच तुटते. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून दाबून धुतो, पिळत नाही, आणि सावलीत वाळवतो. गालाच्या गाद्यांचा फोम वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. तसाच बसवला की दोन दिवसांत वास परत येतो. थर्माकोल फक्त ओलसर फडक्याने पुसायचा. पेट्रोल किंवा थिनर लागला तर तो विरघळतो.

काचेवर वाफ धरते ती श्वासाची. पावसाची सर आली, काच गार झाली की लगेच दिसते. दुकानातच काच बंद करून तोंडाने पाच-सहा जोरात श्वास सोडले. नाकावरची पट्टी नीट बसत असेल तर वाफ खालच्या भागातच राहते, आणि काच एक खाच उघडली की ओसरते. साबणाचा हात फिरवण्याचा उपाय थोडाच वेळ टिकतो, शिवाय रात्री समोरचे दिवे पसरट दिसतात. काचेला खुंट्या असतील तर आतून बसणारी दुसरी पातळ काच जास्त भरवशाची.

पट्टा शेवटी पाहिला. तो हनुवटीच्या टोकावर नाही, तिच्या मागे गळ्याशी बसावा आणि आत जेमतेम दोन बोटं जावीत. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकललं. ते डोक्यावरून निघालं नाही. दातेरी पट्टीचं लॉक हातमोज्यातही उघडतं. पण पट्ट्यावरचं मऊ आवरण निघून धुता आलं पाहिजे, नाहीतर घामाने कडक झालेली त्याची कडच मानेवर पुरळ उठवते.