पंधरा मिनिटांचा पाठ

अप्पा बळवंत चौकातून माझी भाची परवा दुपारी घोटीव कागद, रंगीत तक्ते आणि खडूंची पेटी घेऊन आली. एका शाळेत पाचवीच्या वर्गावर पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घेऊन दाखवायचा होता आणि विषय होता अपूर्णांक. तिच्या टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, व्याख्या, प्रकार, बेरीज आणि गृहपाठ असे सगळेच होते. निवड समितीच्या बाजूला मी काही वर्षे बसलेली असल्यामुळे मला राहवले नाही आणि मी तिच्या टाचणातला बराचसा मजकूर खोडून टाकला.

उरला तो एकच प्रश्न: १/४ मोठा की १/८? पुष्कळ मुले १/८ सांगतात, कारण आठ हा आकडा चारपेक्षा मोठा असतो. माझ्या आजोबांना पावकी, निमकी आणि पाऊणकी तोंडपाठ होती. आम्हा नातवंडांकडूनही ती त्यांनी संध्याकाळी घोकून घेतली, पण हा प्रश्न त्यांनी आम्हाला कधी विचारल्याचे आठवत नाही.

मग आम्ही २४ सेंटिमीटरच्या सारख्या पट्ट्या कापल्या. पट्टी दोनदा दुमडली की चार भाग होतात आणि प्रत्येक भाग ६ सेंटिमीटरचा येतो; तिसऱ्यांदा दुमडली की आठ भाग होतात आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरचा. तीन किंवा पाच समान भाग करायला मुलांना फार वेळ लागतो, म्हणून १/३ आणि १/५ घड्यांसाठी घेतले नाहीत. पट्ट्यांची लांबी वेगळी असली, तर तुलनेला अर्थच उरत नाही. एखादे मूल आठांऐवजी सात भाग सांगते, तेव्हा ते भाग न मोजता घड्यांच्या रेघा मोजत असते, हे ओळखता आले पाहिजे.

"मावशी, समोर मुलांऐवजी समितीच बसली तर?" तिने विचारले. तसेही होते, आणि मोठी माणसे चुकीचे उत्तर देत नाहीत. अशा वेळी, "एक मुलगा म्हणतो १/८ मोठा, त्याला तुम्ही काय सांगाल?" असे आपणच विचारावे.

शेवटची तीन मिनिटे मात्र मी तिला हट्टाने राखायला लावली. "समजले का?" या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी न दुमडलेले अपूर्णांक द्यावेत आणि १/५ आणि १/६ यांपैकी मोठा कोणता आणि का, हे प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. अर्ध्या वर्गाने १/६ लिहिले, तर समितीला ते आकड्यासकट सांगावे आणि उद्याचा तास कुठून सुरू करणार, तेही सांगावे. समिती त्याचे गुण देईल की कापेल, हे मी त्या बाजूला बसूनही सांगू शकत नाही.