मोजणीची नोंद: दोन बाजू, मधला कोन आणि बांधाआतले क्षेत्रफळ

आतापर्यंतच्या मोजण्यांत मी जमिनीच्या तुकड्याचे त्रिकोण पाडून प्रत्येकाच्या तिन्ही बाजू टेपने मोजत असे. या वेळी पद्धत बदलली. तुकड्याच्या साधारण मध्यावर ट्रायपॉड उभा करून त्यावर कोनमापकाची फळी समपातळीत बसवली, तिथून चारही कोपऱ्यांच्या खुंट्यांपर्यंतची अंतरे टेपने घेतली आणि लगतच्या दोन खुंट्यांमधला कोन प्रत्येक वेळी वाचला. वाकड्यातिकड्या आणि झुडपांनी भरलेल्या बांधावर टेप ताणण्याची गरजच त्यामुळे उरली नाही.

क्षेत्रफळाचे सूत्र शाळेतलेच आहे: ½ab sin C. येथे a आणि b या दोन बाजू असून C हा त्यांच्यामधला, म्हणजे समाविष्ट कोन आहे. b हा पाया धरला, तर a च्या टोकापासून त्यावर टाकलेल्या लंबाची लांबी a sin C येते. म्हणजे पाया गुणिले उंची भागिले दोन हेच सूत्र, फक्त शेतात उभे राहून लंब शोधण्याचा खटाटोप वाचतो.

मध्यबिंदूपासून अ, ब, क आणि ड या खुंट्यांची अंतरे अनुक्रमे ३१.४, २७.८, ३५.२ आणि २९.६ मीटर आली. अ-ब मधला कोन ८४ अंश, ब-क मधला १०२, क-ड मधला ७१ आणि ड-अ मधला १०३ अंश मिळाला. पहिल्या त्रिकोणासाठी ३१.४ आणि २७.८ यांच्या गुणाकाराचे अर्धे ४३६.४६ होते आणि त्याला ८४ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.९९४५ ने गुणल्यावर ४३४.१ चौरस मीटर येतात. याच रीतीने उरलेले तीन त्रिकोण ४७८.६, ४९२.६ आणि ४५२.८ चौरस मीटरचे निघाले. एकूण क्षेत्रफळ सुमारे १,८५८ चौरस मीटर झाले. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा धरता हे जवळजवळ १८.४ गुंठे भरतात.

या पद्धतीत सर्वांत जपण्यासारखी जागा दुसऱ्या त्रिकोणात आहे. अर्धवर्तुळाकार कोनमापकावर दोन उलटसुलट मापपट्ट्या असतात आणि १०२ च्या जागी चुकून ७८ वाचले जाऊ शकते. या दोन कोनांची साइन तंतोतंत सारखी असल्यामुळे क्षेत्रफळात काडीचाही फरक पडत नाही, आणि म्हणूनच ही चूक क्षेत्रफळाकडे पाहून कधीच कळत नाही. नकाशा काढताना मात्र ती भोवते: १०२ अंशांना ब आणि क यांच्यातले अंतर ४९.२ मीटर असते, तर ७८ अंशांना ते ४०.१ मीटर येते. म्हणून चारही कोनांची बेरीज ३६० येते का, हे जागेवरच पाहावे. ७८ लिहिले असते, तर ती ३३६ आली असती.

फळी मध्यावर ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. ८४ ऐवजी ८५ अंश वाचले गेले, तर पहिल्या त्रिकोणात जेमतेम पाऊण चौरस मीटरचा फरक पडतो, कारण काटकोनाच्या आसपास साइन फारच हळू बदलते. याउलट ५२ आणि ४८ मीटर बाजूंच्या त्रिकोणात कोन २० अंशांचा असेल, तर तोच एक अंश ४२६.८ चौरस मीटरचे ४४७.२ करतो. अशा निमुळत्या त्रिकोणात माझ्या साध्या फळीवर विसंबणे मला पटत नाही; तिथे तिन्ही बाजू मोजलेल्याच बऱ्या. जागा निवडताना प्रत्येक कोन साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान राहील असे पाहिले, की पुढचे काम सुकर होते.

आकडेमोड संगणकाच्या तक्त्यात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तिथले साइनचे कार्य कोन अंशांत नव्हे, तर रेडियनमध्ये मागते. बाजू B आणि C स्तंभांत व कोन D स्तंभात असतील, तर सूत्र असे लिहावे:

```
=0.5*B2*C2*SIN(RADIANS(D2))
```

`RADIANS` गाळले, तर याच तुकड्याचे उत्तर सुमारे १,५९२ चौरस मीटर येते. त्यातही १०२ आणि ७१ अंशांचे त्रिकोण ४८६.७ आणि ४९५.५ असे खऱ्या उत्तराच्या इतके जवळ येतात, की नुसत्या नजरेने शंकासुद्धा येऊ नये. सुरुवातीला एका रिकाम्या चौकटीत ३० अंशांची साइन काढून ती ०.५ येते का, हे पाहिले की हा प्रश्न मिटतो.

हा तुकडा जवळजवळ सपाट होता. पुढचा उताराचा आहे आणि तिथे टेप जमिनीला लावून चालणार नाही: उतार १० अंशांचा असेल, तर उताराच्या दिशेने घेतलेली प्रत्येक लांबी आडव्या अंतरापेक्षा दीड टक्क्याने जास्त भरते, आणि सूत्रात दोन लांबींचा गुणाकार असल्याने दोन्ही बाजू त्याच दिशेच्या आसपास असतील, तर क्षेत्रफळ सुमारे तीन टक्क्यांनी फुगते. त्यासाठी टेप आडवा धरून ओळंब्याने बिंदू खाली उतरवत, टप्प्याटप्प्याने अंतरे घेण्याचे ठरवले आहे.