उकळत्या पाण्यात २.८ मिलिव्होल्टच का?

मातीकामाच्या छोट्या भट्टीसाठी तापमापक बनवतोय, त्याची ही पुढची नोंद. लॅमिंग्टन रोडवरून के-टाइप थर्मोकपलचा प्रोब आणला आहे. भट्टीत घालण्याआधी तो घरीच पाण्यात तपासला. मापनशास्त्र शिकणाऱ्यांनी हा प्रयोग नक्की करावा, कारण कोल्ड जंक्शन म्हणजे काय ते त्यात आकड्यांनिशी समोर येतं.

आधी व्होल्टेज किती लहान आहे ते पाहू. के-टाइपच्या तक्त्यात १०० अंशांना ४.०९६ मिलिव्होल्ट दिले आहेत, म्हणजे अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. अर्डुइनो युनोचा एडीसी ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि त्यातला एक भाग ४.९ मिलिव्होल्टचा असतो. थोडक्यात, थर्मोकपल थेट जोडला तर उकळत्या पाण्यानेही आकडा एका पायरीने हलेल याची खात्री नाही. म्हणून मी ADS1115 घेतला. सर्वांत जास्त गेनवर त्याची पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची, म्हणजे अंशाच्या पाचव्या हिश्शाएवढी.

पाण्याची तपासणी मात्र साध्या मल्टिमीटरवर, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर केली. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने पाणी इथे जवळपास १०० अंशांनाच उकळतं. तक्त्याप्रमाणे ४.१ दिसायला हवे होते, पण मीटरने २.८ दाखवले. मग बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात प्रोब ठेवला, तर उणे १.३ आले.

प्रोब बिघडलेला नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. थर्मोकपल तापमान मोजत नाही, तो दोन टोकांच्या तापमानांतला फरक मोजतो. क्रोमेल आणि अॅल्युमेलच्या तारा मीटरच्या तांब्याला जिथे भेटतात तिथेही दोन सांधे तयार होतात. ते दोन्ही एकाच तापमानाला असतील तर तांब्याचा परिणाम उरत नाही आणि ती जागाच कोल्ड जंक्शन ठरते. तक्ता ही जागा शून्य अंशाला आहे असं धरून केलेला असतो. माझ्या टेबलावर टर्मिनलला चिकटवलेला थर्मिस्टर ३२ अंश दाखवत होता. ३२ अंशांना तक्ता १.२८५ मिलिव्होल्ट सांगतो. ४.०९६ मधून ते वजा केले की २.८११ उरतात, आणि बर्फात शून्यातून वजा केले की उणे १.२८५. दोन्ही जुळले.

म्हणून भरपाईचं सूत्र असं:

```
E(T) = V + E(Tc)
```

`V` म्हणजे मोजलेलं व्होल्टेज, `Tc` म्हणजे टर्मिनलचं तापमान. बेरीज मिलिव्होल्टमध्ये करायची आणि तक्त्यातून अंश त्यानंतर काढायचे. आधी अंश काढून त्यात ३२ मिळवले तर के-टाइपमध्ये चूक एखाद्या अंशाचीच होते, म्हणून ती लक्षात येत नाही. एस-टाइपमध्ये ती उघडी पडते. भट्टी १००० अंशांना आणि टर्मिनल ३० अंशांना असेल तर ९.५८७ वजा ०.१७३, म्हणजे ९.४१४ मिलिव्होल्ट मिळतात. तक्त्यात ते ९८५ अंशांचे आहेत. त्यात ३० मिळवले की १०१५ होतात, म्हणजे १५ अंश जास्त. एस-टाइप खाली अंशाला ६ मायक्रोव्होल्ट देतो आणि वर साडेअकरा, हे त्याचं कारण.

आता भट्टीच्या जोडणीकडे. प्रोबचं डोकं भट्टीच्या भिंतीला लागून असतं आणि ते सहज ६० अंशांवर जातं. तिथून मीटरपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली तर कोल्ड जंक्शन त्या डोक्यात जाऊन बसतं, आणि थर्मिस्टर मात्र ३२ अंशांच्या मीटरपाशी राहतो. भट्टी ८०० अंशांना असेल तर ३३.२७५ वजा २.४३६, म्हणजे ३०.८३९ मिलिव्होल्ट येतील. त्यात १.२८५ मिळवले की ३२.१२४ होतात आणि डिस्प्लेवर ७७२ दिसतील. ग्लेझसाठी २८ अंशांचा फरक मोठा आहे. म्हणून तिथे के-टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल लावायची, आणि तीही ध्रुव न उलटवता.

मीटरच्या इनपुटवर तांब्याचा तुकडा लावून शॉर्ट केलं की डिस्प्लेवर टर्मिनलचं तापमान यायला हवं. त्यावरून मीटर आणि थर्मिस्टर ठीक आहेत एवढं कळतं, पण केबलची चूक त्यात सापडत नाही. तिच्यासाठी प्रोब बर्फात ठेवून डोक्यातल्या जोडावर हेअर ड्रायर धरायचा. केबल योग्य असेल तर आकडा शून्यापाशीच राहतो. तांबं असेल तर जोड तापेल तसा तो शून्याखाली सरकत जातो. केबल आल्यावर भट्टी पेटवण्याआधी हीच चाचणी करणार आहे.