बेचाळीस लाख कोणाला दिसतात?

रविवार. सीएचा निकाल लागल्यापासून दोन ऑफर हातात आहेत आणि दोन्हींना या आठवड्यात उत्तर द्यायचे आहे. एक मुंबईतल्या मोठ्या फर्मची, स्टॅट्युटरी ऑडिट म्हणजे कंपन्यांच्या हिशेबांची कायद्याने बंधनकारक तपासणी करणाऱ्या विभागातली. दुसरी चाकण भागातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची, इंटर्नल ऑडिट विभागातली. पगारात फरक आहे, पण त्यावरून निर्णय घ्यावा एवढा नाही. म्हणून आज सकाळी सरांकडे गेले. त्यांच्याकडेच माझी आर्टिकलशिप झाली आणि त्यांनी स्वतः आधी फर्ममध्ये, मग काही वर्षे कारखान्यात आणि पुन्हा प्रॅक्टिसमध्ये काम केलेले असल्यामुळे दोन्ही बाजूंबद्दल ते ऐकीव बोलणार नाहीत, याची खात्री होती. बोलणे जसे आठवते तसे लिहून ठेवते.

मी सुरुवातीलाच विचारले, "सर, शिकायला जास्त कुठे मिळेल?" त्यांनी या प्रश्नाला उत्तरच दिले नाही. म्हणाले, "आधी हे ठरव की तुला किती रकमेच्या चुकीची चिंता करायची परवानगी हवी आहे." मला काहीच कळले नाही, तेव्हा त्यांनी कारखान्यात असतानाचे भंगाराचे प्रकरण सांगितले.

कारखान्यात प्रेस शॉप होते. पोलादी पत्रा येतो, डायखाली कापला जातो, भाग बाहेर पडतात आणि उरलेले तुकडे भंगार म्हणून विकले जातात. वर्षाला 4,000 टन पत्रा वापरला गेला. तयार झालेल्या भागांची संख्या आणि सिस्टीममध्ये नोंदलेले प्रत्येकाचे प्रमाण वजन यांचा गुणाकार केला तर 2,800 टन होत होते, म्हणजे भंगार 1,200 टन निघायला हवे होते. विक्रीची बिले मात्र 1,080 टनांची होती. टनाला 35,000 रुपये या सरासरी दराने 120 टनांचे 42 लाख रुपये होतात.

"आता स्टॅट्युटरी ऑडिटर म्हणून हेच बघ," सर म्हणाले. कंपनीचा करपूर्व नफा 50 कोटी. त्याच्या पाच टक्क्यांवर मटेरियालिटी, म्हणजे जिच्या आतली चूक ऑडिटर गंभीर मानत नाही ती मर्यादा, धरली तर ती अडीच कोटी येते. भंगाराची विक्री पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे ऑडिटर तिच्याकडे बघणार, यात शंका नाही. तो नमुन्याची बिले काढेल, प्रत्येक बिलाला वजनकाट्याची पावती, गेट पास आणि बँकेत जमा झालेली रक्कम लावून पाहील आणि सगळे तंतोतंत जुळेल, कारण जे नोंदले गेले ते बरोबरच होते. गफलत होती ती नोंदलेच न गेलेल्या भंगारात, आणि ज्या पावतीचा आधार घेऊन तो समाधान मानत होता ती पावतीच चुकीचे वजन दाखवत होती. एखादा चांगला ऑडिटर पत्र्याच्या वापरावरून भंगाराचा अंदाज काढेलही. पण 42 लाखांची तफावत त्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत बसते, त्यामुळे व्यवस्थापनाचे स्पष्टीकरण घेऊन पुढे जाण्यात त्याची काही चूक म्हणता येणार नाही. ताळेबंद खरे आणि वाजवी चित्र दाखवतो का, एवढाच त्याला विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'होय' असेच होते.

इंटर्नल ऑडिटला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. सरांनी त्या वेळी वर्षभराच्या वजनकाट्याच्या नोंदी काढून त्या तारखेप्रमाणे न लावता गाडीच्या क्रमांकाप्रमाणे लावल्या. भंगार उचलणारी गाडी आधी रिकामी तोलली जाते, मग भरून तोलली जाते आणि फरक तो माल. एकाच ट्रकचे रिकामे वजन दर खेपेला साधारण सारखेच यायला हवे. डिझेल किती आहे, क्लीनर बसला आहे की उतरला, याने शंभर-दीडशे किलोंचा फरक पडेल. इथे मात्र तोच ट्रक आरसीवर लिहिलेल्या रिकाम्या वजनापेक्षा सरासरी 500 किलो जड तोलला जात होता. मग ते काट्यावर जाऊन उभे राहिले. गाडीच्या हौद्यात पाण्याची पिंपे असायची आणि काटा ओलांडून आत गेल्यावर ती रिकामी केली जायची. रिकामे वजन जितके फुगवाल तितके मालाचे वजन कमी दिसते. खेपेला साधारण 9 टन माल, म्हणून 1,080 टनांच्या सुमारे 120 खेपा, आणि प्रत्येकी अर्धा टन धरला तर 60 टन झाले.

"आणि उरलेले 60 टन?" मी विचारले.

हा भाग सांगताना सर जरा हसले. खाते प्रमुखांना तोपर्यंत सगळे 120 टन चोरीतच घालायचे होते आणि अहवालाचा तसा मसुदाही तयार होता. पण सरांनी स्टोअरमधून चालू उत्पादनातले भाग आणवून ते प्रत्यक्ष तोलले. एका ब्रॅकेटची जाडी ग्राहकाच्या सांगण्यावरून वाढवलेली होती, ड्रॉइंग बदलले होते, पण सिस्टीममधले प्रमाण वजन कोणी बदललेच नव्हते. नगामागे 200 ग्रॅमचा फरक, वर्षाला तीन लाख नग, म्हणजे बरोबर 60 टन. ते पोलाद चोरीला गेले नव्हते, ते ग्राहकाकडे गेले होते. एवढेच नव्हे, तर जाडी वाढल्यावर किंमत वाढवून मागितली होती का, हा त्यातून निघालेला पुढचा प्रश्न भंगारापेक्षा मोठा ठरला. मला या प्रकरणातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तफावत सापडली की तिथे थांबण्याचा मोह होतो, आणि तिथेच थांबले असते तर निम्मा आरोप खोटा ठरला असता.

मी म्हटले, मग उत्तर सरळच आहे, इंटर्नल ऑडिटमध्येच जावे. सरांनी मान हलवली. "थांब. त्या अहवालाचे पुढे काय झाले ते ऐक."

अहवालात प्रत्येक निरीक्षणासमोर व्यवस्थापनाचे उत्तर, जबाबदार व्यक्ती आणि पूर्ततेची तारीख असे रकाने असतात. वजनकाट्याच्या मुद्द्यासमोर स्टोअर्सचे उत्तर आले, 'नोंद घेतली आहे.' तारीख पुढच्या तिमाहीची. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच उत्तर. त्या कंपनीत इंटर्नल ऑडिट प्रमुख फायनान्सच्या प्रमुखाला जबाबदार होते, त्यांची वेतनवाढ त्याच्याच हाती होती आणि भंगाराचा ठेकेदारही त्याच्याच मंजुरीने नेमलेला होता. संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीपुढे गेलेल्या सारांशात पिंपांचा उल्लेख 'वजन प्रक्रियेत सुधारणेस वाव' एवढाच उरला. वर्षभराने, कमिटीच्या एका स्वतंत्र संचालकाने प्रलंबित मुद्द्यांची यादी मागितली, तेव्हा कुठे रिकाम्या वजनाला आरसीशी जोडलेली मर्यादा सिस्टीममध्ये बसली आणि काट्यावरचा आकडा हाताने टंकण्याची सोय बंद झाली.

"बाहेरच्या ऑडिटरला हेच कळले असते तर?" मी विचारले. कंपनी कायद्याच्या कलम 143(12) प्रमाणे, अधिकारी किंवा कर्मचाऱ्यांनी केलेल्या अफरातफरीची रक्कम एक कोटीपेक्षा कमी असली तरी ती कळल्यापासून दोन दिवसांत त्याला ऑडिट कमिटीला किंवा संचालक मंडळाला कळवावे लागले असते, आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक असती तर प्रकरण केंद्र सरकारपर्यंत गेले असते. म्हणजे ज्याला दिसण्याची शक्यता कमी त्याच्या हाती कायद्याचे बळ आहे, आणि ज्याला दिसते तो स्वतःच्या साहेबाच्या टेबलावर अहवाल ठेवून उत्तराची वाट बघतो. हे सरांचे शब्द नाहीत, माझे आहेत. पण मी बोलून दाखवले तेव्हा त्यांनी खोडले नाहीत.

फर्मच्या बाजूबद्दल ते थोडक्यात बोलले, कारण ती मी आर्टिकलशिपमध्ये पाहिलेली आहे. एप्रिल ते सप्टेंबर काय असते ते मला माहीत आहे, आणि अहवालावर सही झाल्यापासून 60 दिवसांत फाइल पूर्ण लावण्याची धावपळही. त्यांनी एकच गोष्ट ठासून सांगितली: ऑडिटमध्ये सापडूनही कंपनीने न दुरुस्त केलेल्या चुकांचा गोषवारा कोण तयार करते आणि भागीदाराशी त्यावर चर्चा करताना तुला खोलीत बसू देतात का, हे विचार. वर्षानुवर्षे स्थिर मालमत्ता आणि देणेकऱ्यांच्या बाकीची पत्रे एवढेच तपासत राहिलीस, तर ऑडिटर म्हणून तयार होणार नाहीस. उलट तो गोषवारा दोन वर्षे तू लिहिलास, तर कोणत्या चुकीला महत्त्व द्यायचे आणि कोणती सोडायची, याची जी जाण येते ती कारखान्यात येत नाही, असे त्यांचे मत. शिवाय फर्ममधून कारखान्यात जाणे सोपे, परतीची वाट त्यांनाही जड गेली होती. कंपनीत पूर्णवेळ नोकरी करताना अंशकालीन प्रॅक्टिस प्रमाणपत्र मिळाले तरी त्यावर ऑडिटचे काम करता येत नाही, हेही त्यांनी आठवण म्हणून सांगितले.

मग चाकणच्या ऑफरबद्दल काय विचारायचे, ते त्यांनी मला लिहून घ्यायला लावले. इंटर्नल ऑडिट प्रमुखाची नेमणूक आणि वेतनवाढ ऑडिट कमिटी ठरवते की फायनान्सचे साहेब? व्यवस्थापनातले कोणीही हजर नसताना तो कमिटीला भेटतो का? मागच्या वर्षीच्या अहवालातले किती मुद्दे अजून उघडे आहेत? आणि शेवटी, ज्याची मी कल्पनाच केली नव्हती तो प्रश्न: हा विभाग पुरवठादारांची बिले देण्याआधी तपासून पास करतो का? करत असेल तर तो इंटर्नल ऑडिट नाही, तो अकाउंट्सचाच आणखी एक टप्पा आहे, आणि जे काम आपणच पास केले त्याचे ऑडिट आपल्याला करता येत नाही. सरांच्या मते पुष्कळ कारखान्यांत इंटर्नल ऑडिटच्या नावाखाली दिवसभर हेच चालते, आणि नव्या मुलांना ते रुजू झाल्यावर कळते.

कलम 138 मुळे इंटर्नल ऑडिटर नेमणे अशा कंपनीला भाग आहे. पण तो कर्मचारीच असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही, बाहेरची फर्मही चालते. त्यावरून मी विचारले की फर्मच्या इंटर्नल ऑडिट विभागात जाऊन दोन्ही साधता येईल का. सर म्हणाले, येईल, पण तिथे तू काट्यावर चार दिवस उभी राहशील आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या कंपनीत असशील. पिंपे पुन्हा आली का, हे बघायला तुला कोणी पाठवेलच असे नाही.

उद्या चाकणच्या एचआरला फोन करून हे चार प्रश्न विचारणार आहे आणि शक्य झाल्यास विभागप्रमुखांशीच बोलायचे आहे. प्रमुख थेट ऑडिट कमिटीला जबाबदार असतील आणि बिले पास करण्याचे काम विभागाकडे नसेल, तर मी तिकडे जाईन, पगार थोडा कमी असला तरी. तसे नसेल किंवा उत्तर गुळमुळीत आले, तर मंगळवारी मुंबईला होकार कळवेन आणि गोषवाऱ्याबद्दलचा प्रश्न त्यांना होकाराआधी विचारेन.